निरभ्र आकाशातला हादरा

जपानमधल्या तातेनो इथल्या वेधशाळेत वासाबुरो ओइशी हे हवामानतज्ज्ञ १९२०च्या दशकात आकाशात फुगे सोडत आणि दुर्बिणीतून त्यांचा पाठलाग करत. हिवाळ्यात जमिनीपासून नऊ-दहा किलोमीटरवर गेलेला फुगा एकदम पूर्वेकडे सुसाट निघे. त्या उंचीवर वारा सेकंदाला सुमारे ७० मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने वाहतो, असं मोजमाप निघालं. जगाला वाचता यावं म्हणून ओइशींनी १९२६ साली आपला अहवाल एस्परान्तो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही.

त्या वाऱ्याची ओळख मग युद्धात पटली. २४ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर आली, तेव्हा पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याने त्यांचा जमिनीवरून मोजलेला वेग ताशी ७०० किलोमीटरच्या वर गेला आणि बहुतेक बॉम्ब लक्ष्य असलेल्या कारखान्यापासून लांब पडले. आज या वाऱ्याला आपण जेट स्ट्रीम म्हणतो. प्रवासी जेट विमानं नेमकी याच उंचीवर उडू लागली, तेव्हा वैमानिकांच्या वाट्याला एक नवी गोष्ट आली. ढगाचा टिपूस नाही, ऊन लख्ख, आणि विमान अचानक थरथरू लागतं. क्लिअर एअर टर्ब्युलन्स हे नाव त्यालाच पडलं.

ढग नसताना हवा ढवळते कशी? नुसत्या वेगवान वाऱ्याने विमान हादरत नाही. सगळी हवा एकाच वेगाने वाहत असेल तर प्रवास सुखाचा होतो. अडचण असते ती जेट स्ट्रीमच्या कडेला. तिथे हवेचा एक थर जोरात धावत असतो आणि त्याच्या काहीशे मीटर खालचा किंवा वरचा थर बराच मंद असतो. समुद्रावरून वारा गेला की लाटा उठतात, तशाच लाटा या दोन थरांच्या सीमेवर उठतात. वरची हवा हलकी आणि खालची जड असेल, तर जड हवा वर उचलायला जोर लागतो, म्हणून लाट दबून राहते. वेगातला फरक मात्र वाढत गेला की एका क्षणी ही दाबून ठेवणारी ताकद अपुरी पडते. लाटेचा माथा पुढे वाकतो, किनाऱ्यावरच्या लाटेसारखा कोसळतो आणि हवेचे भोवरे होतात. या रस्सीखेचीला इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्डसन यांनी १९२० साली एका आकड्यात बांधलं. थरांची स्थिरता भागिले वेगातल्या फरकाचा वर्ग, असा तो साधारण हिशेब. हा आकडा पाव भागाखाली गेला की लाट फुटू शकते. त्या हवेत थोडा ओलावा असेल तर ढगात कधी कधी ओळीने वळलेल्या लाटा दिसतात. कोरड्या हवेत काहीच दिसत नाही, पण भोवरे तेच असतात.

विमानाच्या नाकातलं रडार इथे आंधळं ठरतं. त्याच्या लहरी पावसाच्या थेंबांवरून परततात, आणि इथे थेंबच नसतात. शिवाय सगळेच भोवरे त्रास देत नाहीत. अगदी लहान भोवरे विमानाच्या आकारापुढे विरून जातात, कित्येक किलोमीटर लांबीच्या लाटेवर विमान अलगद वर-खाली होतं. शंभर मीटरपासून एक-दोन किलोमीटरपर्यंतचे भोवरे वाईट. सेकंदाला अडीचशे मीटर जाणारं विमान पाचशे मीटरची लाट दोन सेकंदांत ओलांडतं, म्हणजे दोन सेकंदांत एकदा वर आणि एकदा खाली.

भोवरे उठवायला जेट स्ट्रीमच हवी असंही नाही, डोंगरही पुरतो. ५ मार्च १९६६ रोजी ब्रिटिश कंपनी बीओएसीचं बोइंग ७०७ दुपारी टोकियोहून हाँगकाँगला निघालं. आकाश स्वच्छ होतं, वैमानिकाने फुजी पर्वताच्या बाजूने जायची परवानगी मागून घेतली. त्या दिवशी शिखरावर ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता आणि पर्वताच्या आडोशाच्या बाजूला हवा फुटत होती. विमान तिथेच हवेत मोडलं. १२४ जणांपैकी कोणीही वाचलं नाही. अवशेषांत एका प्रवाशाचा आठ मिलिमीटरचा कॅमेरा सापडला. त्याच्या फिल्मवर यामानाका सरोवर दिसतं, मग दोन चौकटी निसटलेल्या, आणि नंतर विमानातल्या आतल्या भागाची अस्पष्ट, सरकलेली चित्रं. कोणीतरी खिडकीतून तो सुंदर देखावा टिपत होतं, हे वाचल्यावर मन सुन्न होतं. अवशेष शोधायला गेलेल्या अमेरिकी नौदलाच्या लढाऊ विमानालाही तिथे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट धक्के बसले.

अशा मोडतोडीत सीटबेल्ट काही करू शकत नाही. पण विमान असं मोडणं अत्यंत विरळ आहे. माणसं जखमी होतात ती धडधाकट विमानात. २८ डिसेंबर १९९७ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं बोइंग ७४७, नारिताहून होनोलुलूला जाताना, पॅसिफिकवर ३१ हजार फुटांवर अशा हवेत शिरलं. आधी विमान वर उचललं गेलं, माणसाला जाणवणारा भार नेहमीच्या १.८ पट झाला. पुढच्या काही सेकंदांत तो शून्याच्या खाली, वजा ०.८ वर गेला.

हा वजा ०.८ नीट समजून घ्यायला हवा. भार शून्य झाला की माणूस सीटवर तरंगतो. वजा झाला म्हणजे विमान माणसापेक्षा जलद खाली जातंय. बांधलेला नसलेला माणूस विमानाच्या हिशेबाने छताकडे पडतो, तेही नेहमीच्या पडण्याच्या चार-पंचमांश जोराने. बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून छत मीटरभर वर असेल, तर अर्ध्या सेकंदात डोकं आदळतं. हँडल धरायचं मनात येईपर्यंत ते होऊन गेलेलं असतं. आणि मग विमान पुन्हा वर उचलल्यावर तोच माणूस सीटच्या हातावर किंवा फरशीवर पडतो. त्या उड्डाणात बेल्ट न लावलेली एक स्त्री दगावली, अठरा जणांना मणक्याला आणि मानेला फ्रॅक्चर झालं. विमान मात्र टोकियोला सुखरूप उतरलं.

दिवा लागल्यावर बेल्ट लावू म्हणणाऱ्यांसाठी अलीकडची एक नोंद बोलकी आहे. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर हादरलं. प्राथमिक अहवालानुसार तिथे ढग वाढत होते, त्यामुळे हा प्रकार निर्भेळ क्लिअर एअर टर्ब्युलन्स म्हणता येणार नाही, पण वेळेचा हिशेब तोच. दिवा लावल्याचं वैमानिकाने म्हटल्यानंतर आठच सेकंदांत भार झपाट्याने खाली आला, अधिक १.३५ वरून वजा १.५, सहा दशांश सेकंदात. आठ सेकंदांत झोपलेला माणूस बेल्ट शोधून लावत नाही.

हवामान खात्यांचे नकाशे कुठे थरांत वेगाचा फरक जास्त आहे ते दाखवतात, पण भोवऱ्याचा थर बहुधा पाचशे-हजार मीटर जाड असतो आणि पसारा काही दहा किलोमीटरचा; नकाशाच्या जाळीतून तो सहज निसटतो. म्हणून वैमानिकांचा सर्वात खात्रीचा आधार पुढे गेलेल्या विमानाचा निरोप असतो. तो मिळाला की विमान हजार-दोन हजार फूट वर किंवा खाली नेतात आणि वेग जरा कमी करतात. पहिल्यांदा शिरणाऱ्याला मात्र निरोप देणारा कोणी नसतो. रीडिंग विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात उत्तर अटलांटिकवरच्या एका सरासरी बिंदूवर तीव्र क्लिअर एअर टर्ब्युलन्स वर्षाला १७.७ तासांवरून (१९७९) २७.४ तासांवर (२०२०) गेल्याचं निघालं. हवा तापते तशी जेट स्ट्रीममधली वेगाची तफावत वाढते, हे त्यामागचं कारण.

आपल्याकडे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी जेट स्ट्रीम उत्तर भारतावरून जाते, त्यामुळे मुंबईहून दिल्लीकडे किंवा त्याही पलीकडे जाताना जानेवारीत स्वच्छ उन्हातही असे हादरे बसू शकतात. बेल्ट पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट बसवायचा. दोन बोटांपेक्षा जास्त ढील नको. रात्रीच्या उड्डाणात तो ब्लँकेटच्या वरून बांधावा, म्हणजे दिवा लागल्यावर केबिन क्रूला तो दिसतो आणि तपासायला तुम्हाला उठवावं लागत नाही.