बांधकाम साइटचा रोजचा प्रगती अहवाल: कोणी भरायचा, काय लिहायचं, सोबत काय जोडायचं

साइटवर याला डीपीआर म्हणतात. प्रकल्पाच्या सविस्तर अहवालालाही डीपीआरच म्हणतात, त्यामुळे पत्रव्यवहारात ‘दैनिक प्रगती अहवाल’ असं पूर्ण लिहिलेलं बरं.

अहवाल भरायचा तो त्या दिवशी साइटवर हजर असलेल्या माणसाने, म्हणजे सहसा कंत्राटदाराच्या साइट इंजिनिअरने किंवा सुपरवायझरने. ऑफिसात बसून फोनवर ऐकून भरलेला अहवाल वादाच्या वेळी टिकत नाही. काम सुटल्यावर त्याच संध्याकाळी लिहून दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाच्या किंवा सल्लागाराच्या प्रतिनिधीची सही घ्यायची. तो मजकुराशी सहमत नसेल, तर शेरा लिहून सही करतो. तशी सहीसुद्धा कोऱ्या जागेपेक्षा शंभर पटीने बरी.

वर तारीख, अहवाल क्रमांक आणि कामाच्या वेळा येतात. त्याखाली मजूर, साहित्य, हवामान आणि झालेलं काम असे चार रकाने. चारही रकाने बहुतेक जण भरतात, पण ते एकमेकांशी ताडून कोणी बघत नाही, आणि चूक नेमकी तिथेच लपते. एका दिवसाचं उदाहरण घेऊ.

१० मीटर × ६ मीटरचा स्लॅब, जाडी १२५ मिलिमीटर, साइटवरच मिक्सर, प्रमाण १:१.५:३. दुपारी २:४० ला पाऊस आला. ३ वाजेपर्यंत ओतलेल्या भागावर ताडपत्री टाकून झाली, पाऊस थांबला ४:३० ला. तोवर ७ मीटर लांबी झाली होती. इंजिनिअरने तिथेच जोड घेऊन उरलेलं काम पुढे ढकललं.

‘झालेलं काम’ या रकान्यात ‘स्लॅबचं काम चालू’ असं लिहिलं, तर त्याचा बिलाला काही उपयोग नाही. लिहायचं असं: कोणता मजला, कोणत्या ग्रिडपासून कोणत्या ग्रिडपर्यंत, ७ × ६ × ०.१२५ म्हणजे ५.२५ घनमीटर, आणि जोड कुठे घेतला. जोडाची जागा हमखास विसरली जाते. पुढे तिथून गळती लागली, की सगळे हाच कागद शोधत येतात.

आता साहित्य. सुरुवातीची शिल्लक १२० गोणी, आवक १००, वापर ४७, अखेर १७३. या प्रमाणाला घनमीटरमागे साधारण ८ गोणी लागतात, म्हणजे ५.२५ घनमीटरला ४२. मग ५ गोणी जास्त कशा गेल्या? आधी गोदामात जाऊन गोण्या मोजायच्या. तिथे १७३ भरल्या, तर चोरी किंवा नोंदीची चूक नाही. मग लेव्हल तपासायची. इथे सेंट्रिंग सरासरी एक सेंटीमीटर खाली बसलेलं निघालं. ४२ चौरस मीटरवर ते ०.४२ घनमीटर होतं, म्हणजे तीनेक गोणी. उरलेल्या दोन गोण्यांचा कालवलेला माल पावसात भिजला म्हणून फेकला होता. ही दोन्ही कारणं शेऱ्यात लिहायची. आकडा गुपचूप ४२ केला, तर महिनाअखेरीला गोदामाचा हिशोब जुळत नाही.

मजूर रकान्यात नुसतं ‘२२ हजर’ नको. गवंडी ३, बिगारी १३, मिक्सर आणि व्हायब्रेटरवर एकेक, सेंट्रिंगचे सुतार २, फिटर २. सुतार स्लॅबखाली टेकू बघत होते, फिटर आडोशाला रिंगा बांधत राहिले. म्हणजे बसून राहिले ते काँक्रीटचे १८ जण, दीड तास: २७ मनुष्यतास.

हवामानात नुसतं ‘पाऊस’ लिहिलं, तर मुदतवाढ मागताना समोरचा पहिला प्रश्न विचारतो: त्याने काम कोणतं थांबलं? म्हणून पाऊस कधीपासून कधीपर्यंत पडला, साइटवर पर्जन्यमापक असल्यास किती मिलिमीटर, कोणतं काम थांबलं आणि किती माणसं बसून होती, हे एकाच ओळीत यावं. रात्री पाऊस पडून सकाळी खड्ड्यात पाणी साचलं असेल, तर तेही लिहायचं. दिवसा ऊन होतं म्हणून ती नोंद राहून जाते.

सोबत हजेरीपत्रकाची प्रत, सिमेंटचं चलन, काँक्रीट ओतण्यापूर्वी सळई आणि सेंट्रिंग तपासल्याचं कार्ड, क्यूब भरल्याची नोंद, आणि वेळ दिसेल असे फोटो जोडायचे. ताडपत्रीचा एक आणि जोडाचा एक फोटो पुरतो, पन्नास नकोत.

चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती आणि सही करायची. पांढरा रंग लावून खाडाखोड केलेल्या पानावर कोणीही शंका घेतं.

आणि अहवालात पाऊस नोंदवला म्हणजे मुदतवाढीचा अर्ज झाला असं नाही. करारात वेगळी लेखी सूचना मागितलेली असते. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या नमुना करारात कंत्राटदाराला त्यासाठी घटना कळल्यापासून किंवा कळायला हवी होती तेव्हापासून जास्तीत जास्त २८ दिवस आहेत. आपल्या करारातलं कलम आधी बघायचं आणि त्या सूचनेला या अहवालाची प्रत जोडायची.