सममूल्य अपूर्णांक : कागदी पट्ट्यांची कृती (इयत्ता पाचवी)

ज्या दोन किंवा अधिक अपूर्णांकांचे अंश आणि छेद वेगळे दिसतात, पण जे एकाच पूर्णाचा तेवढाच भाग दाखवतात, त्यांना सममूल्य अपूर्णांक म्हणतात. १/२, २/४, ४/८ हे सममूल्य आहेत. मराठवाड्यातल्या मुलाला ही गोष्ट शाळेत येण्याआधीच ऐकून माहीत असते, फक्त ती अंश-छेदात लिहिलेली नसते. एकरात ४० गुंठे, म्हणून ‘वीस गुंठे’ आणि ‘अर्धा एकर’ हे घरात एकाच रानाबद्दल बोलले जाते. रुपयाचे सोळा आणे १९५७ साली दशमान पद्धत आल्यावर चलनातून गेले, तरी वाटणीच्या बोलण्यात ‘आठ आणे हिस्सा’ अजून टिकून आहे. २०/४०, ८/१६ आणि १/२ ही एकाच मापाची तीन नावे झाली. वर्गात अडचण येते ती वेगळीच. ही नावे एकच माप सांगतात हे डोळ्यांना दिसेल असे काही हातात नसते. कागदी पट्टी ते दाखवते, पण ती नीट बेतलेली असली तरच.

पट्टी किती लांब घ्यावी

बहुतेक ठिकाणी ‘एक कागद घ्या, पट्ट्या कापा’ एवढेच सांगितले जाते आणि तिथेच कृती बिघडते. पट्टी २४ सेंटिमीटर लांब आणि ३ सेंटिमीटर रुंद घ्यावी. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ सेंटिमीटर लांब असतो. लांबीतून २४ सेंटिमीटर घेतले, की रुंदीत बरोबर सात पट्ट्या बसतात. एक अखंड ठेवायची आणि उरलेल्या सहांचे २, ३, ४, ६, ८ व १२ भाग करायचे. एका कागदात एका मुलाचा पूर्ण संच होतो.

२४ घेण्याचे खरे कारण कागदाची बचत नाही. या सहाही छेदांनी २४ ला पूर्ण भाग जातो, म्हणून प्रत्येक घडी पूर्ण सेंटिमीटरवरच पडते. अर्धा १२ वर, तृतीयांश ८ वर, चतुर्थांश ६ वर, षष्ठांश ४ वर, अष्टमांश ३ वर आणि द्वादशांश २ वर. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. या संचातले दोन अपूर्णांक सारखे नसतील तर त्यांच्यात निदान १ सेंटिमीटरचा फरक असणारच. पाचवीतल्या मुलाची घडी एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे सरकतेच. पण इथे ती चूक कधीच निकाल बदलत नाही : फरक दोन-तीन मिलिमीटरचा दिसला तर अपूर्णांक सारखे, सेंटिमीटरभर दिसला तर वेगळे. पट्टी कशीही कापली, समजा १७ सेंटिमीटरची, तर २/३ आणि ५/८ मधला फरक जेमतेम ७ मिलिमीटर उरतो. त्यात घडी सरकली, की ‘गुरुजी, हे सारखेच आहेत’ असे मूल म्हणते, आणि त्याच्या पट्टीवर ते खरेही दिसते.

घड्या

२, ४ आणि ८ भागांच्या पट्ट्या टोकाला टोक जुळवून होतात. आठाच्या पट्टीत तिसरी घडी घालताना कागदाचे थर एकमेकांवरून सरकतात. म्हणून प्रत्येक घडीनंतर पट्टी उघडावी, घडी नखाने दाबावी आणि मगच पुढची घालावी. तिनाची पट्टी अंदाजाने दुमडू देऊ नये. फूटपट्टीने ८ आणि १६ सेंटिमीटरवर खुणा करून तिथेच घडी घालावी. तीच पुन्हा अर्ध्यात दुमडली की सहा, आणखी एकदा दुमडली की बारा. बारा भागांची घडी जाड होते, तेव्हा ती घालण्यापेक्षा दर २ सेंटिमीटरवर रेघ मारलेली बरी.

मुले घड्या मोजतात, भाग नव्हे. चाराच्या पट्टीवर तीन घड्या दिसतात, म्हणून ‘ही तिनाची पट्टी’ असे सर्रास ऐकू येते. प्रत्येक भागात १/४, १/४ असे लिहून घेतले की हा घोळ मिटतो. दुसरे म्हणजे, घडीवर कापून तुकडे वेगळे करू नयेत. तुकडा सुटला की तो कशाचा तुकडा हे हरवते, आणि पूर्ण कोणता हे न सांगता अपूर्णांकाला अर्थच नसतो. मोठ्या भाकरीची चतकोर आणि लहान भाकरीची चतकोर दोन्ही १/४ असतात, पण पोट सारखे भरत नाही.

पाऊण जवळून पाहू

चाराच्या पट्टीचे तीन भाग रंगवा. रंग १८ सेंटिमीटरपर्यंत जातो. आता तीच पट्टी घड्यांवर दुमडून आणखी एकदा अर्ध्यात दुमडा आणि उघडा. भाग आठ झाले, रंगलेले सहा झाले. रंगाची लांबी मात्र १८ च आहे, कारण कोणी नवीन रंग लावलेला नाही. ३/४ = ६/८ याचा अर्थ एवढाच. ‘अंश आणि छेद दोन्हींना २ ने गुणले तर अपूर्णांक दुप्पट का होत नाही?’ हा मुलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर या घडीत आहे. तुकडे दुप्पट झाले, पण प्रत्येक तुकडा निम्मा झाला. १ ते १२ पर्यंत गुणून उत्तरे लिहायला लावण्याआधी ही घडी प्रत्येक मुलाने स्वतः घालायला हवी. ती एकदा घातली की नियम सांगायलाही लागत नाही.

मग सगळ्या पट्ट्या डावी कड जुळवून एकाखाली एक ठेवाव्यात आणि १८ वर फूटपट्टी उभी धरावी. तिच्या कडेवर ३/४, ६/८ आणि ९/१२ च्या घड्या एका रेषेत येतात. सहाच्या पट्टीवर मात्र तिथे घडीच नाही; कड पाचव्या भागाच्या बरोबर मधून जाते. सहा सारखे भाग केले तर पूर्ण भागांत पाऊण मिळतच नाही, हे मुलांना इथे प्रथम कळते, आणि बहुतेकांना त्याचे नवल वाटते.

याच रेषेवर एक पेच आहे. ६/८ ला कोणत्या पूर्ण संख्येने गुणले की ९/१२ मिळेल? कोणत्याच नाही. म्हणून नुसता गुणाकाराचा नियम पाठ केलेले मूल हे दोन अपूर्णांक वेगळे मानते. जुन्या पाढ्यांत दिडकी होती : सहाची दीडपट नऊ, आठाची दीडपट बारा. दिडकी घरात कोणा आजोबांना येत असेल तर त्यांना विचारून यायला सांगावे. नाहीतर दोन्ही अपूर्णांकांना संक्षिप्त रूप द्यावे, दोन्ही ३/४ वर येतात.

तुलनेची कार्यपत्रिका

प्रत्येक ओळीत आधी अंदाजाने <, > किंवा = हे चिन्ह लिहायचे, मग पट्टीवर दोन्ही लांब्या सेंटिमीटरमध्ये मोजायच्या, आणि शेवटी ‘का’ ते एका वाक्यात लिहायचे. अंदाज खोडू देऊ नये. शिक्षकाला खरी माहिती तिथूनच मिळते.

१) १/२ ☐ ४/८
२) १/३ ☐ १/४
३) २/३ ☐ ८/१२
४) ३/८ ☐ ५/१२
५) ५/६ ☐ ७/८
६) ६/८ ☐ ९/१२
७) २/३ ☐ ५/८
८) ७/१२ ☐ ५/८
९) ३/४ ☐ ४/५ (पट्टी न वापरता)
१०) एका एकर रानात ३० गुंठ्यांवर कपाशी आहे. शेजारच्या एक एकर रानात बारा आणे सोयाबीन आहे. जास्त जागा कशाखाली?

लांब्या क्रमाने अशा : १२ व १२, ८ व ६, १६ व १६, ९ व १०, २० व २१, १८ व १८, १६ व १५, १४ व १५. नवव्यात पूर्ण व्हायला एकीकडे १/४ उरतो आणि दुसरीकडे १/५. १/५ लहान, म्हणून ४/५ मोठा. दहाव्यात ३०/४० आणि १२/१६ दोन्ही पाऊणच, म्हणजे जागा सारखी.

या जोड्या मुद्दाम अशा निवडल्या आहेत, कारण बरोबर उत्तर चुकीच्या वाटेनेही येते. ‘आकडे मोठे तर अपूर्णांक मोठा’ असे समजणारे मूल चौथे, पाचवे आणि नववे बरोबर सोडवते, आणि दुसऱ्या, सातव्या व आठव्यात चुकते. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ हे १/३ आणि १/४ वरून शिकून सगळीकडे लावणारे मूल नेमके उलटे करते : दुसरे, सातवे, आठवे बरोबर, चौथे, पाचवे आणि नववे चूक. सारख्या जोड्या ओळखता येणारी, दहापैकी सात गुण मिळालेली दोन मुले अशी अगदी वेगळ्या गैरसमजांची असू शकतात. तिसरा प्रकार ‘एकच कमी आहे’ म्हणणाऱ्यांचा. ५/६ आणि ७/८ दोन्हींत एकेक भाग उरतो, म्हणून ते बरोबरीचे चिन्ह टाकतात. त्यांना दोन्ही पट्ट्यांचा न रंगवलेला शेवटचा तुकडा मोजायला लावावा. एक ४ सेंटिमीटर, दुसरा ३. एवढे मोजले की ते स्वतःच चिन्ह बदलतात. नंतर नववे उदाहरण पट्टीशिवाय दिलेले आहे ते याचसाठी : उरलेल्या तुकड्याचा विचार डोक्यात राहिला आहे का, हे तिथे कळते.

पट्टी कुठे अपुरी पडते

पाच आणि दहा छेद या संचात बसत नाहीत. २४ चा पाचवा भाग ४.८ सेंटिमीटर, म्हणजे ३/५ ची घडी १४.४ वर पडते, ७/१२ च्या घडीपासून अवघ्या ४ मिलिमीटरवर. फरक दिसतो, पण घडी सरकली की संशय येतो. २, ३, ५, ६, १० आणि १५ साठी ३० सेंटिमीटरची पट्टी हवी आणि ती ए-फोरमधून निघत नाही, ३ मिलिमीटर कमी पडतात. जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा किंवा वर्तमानपत्राचा कागद चालतो. दोन्ही संच एकत्र मिसळू देऊ नयेत, नाहीतर १२ सेंटिमीटरचा अर्धा आणि १५ सेंटिमीटरचा अर्धा शेजारी येऊन भाकरीचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

पूर्णापेक्षा मोठ्या अपूर्णांकांसाठी २४ सेंटिमीटरच्याच दोन संचांतल्या पट्ट्या टोकाला टोक लावाव्या लागतात. अखंड पट्टीला चाराच्या पट्टीचा एक भाग जोडला की ५/४, म्हणजे सव्वा, बरोबर ३० सेंटिमीटरवर फूटपट्टीच्या शेवटच्या रेघेला येऊन थांबतो. दीड मात्र फूटपट्टीबाहेर जातो, ३६ वर.