घटनोत्तर टिपण (चुकीच्या बीजकांसंबंधी)

घटनोत्तर टिपण : संगणकप्रणालीतील दोषामुळे चुकीची बीजके निघाल्यावर, तातडीची दुरुस्ती आटोपल्यानंतर, दोषाचे कारण आणि प्रतिबंधाचे उपाय सहकाऱ्यांपुढे मांडण्यासाठी लिहिलेले अंतर्गत टिपण. व्यक्तीवर ठपका न ठेवता घटनेचा क्रम आणि परिस्थिती नोंदवणे, हे त्याचे मुख्य लक्षण मानले जाते.

या पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. सॉफ्टवेअर क्षेत्रात तिचा प्रसार साधारणपणे 2012 पासून, म्हणजे जॉन ऑलस्पॉ यांनी एट्सी या कंपनीतील दोषारोपमुक्त टिपणांची पद्धत लिहून प्रसिद्ध केली तेव्हापासून, झाला असे धरतात. काही अभ्यासक तिचे मूळ टोयोटाच्या कारखान्यांतील ‘पाच वेळा का’ विचारण्याच्या रीतीत शोधतात. तथापि ती रीत कारणांची एकच साखळी गृहीत धरते आणि बीजकांतील दोषात सहसा दोन-तीन कारणे एकत्र येतात. त्यामुळे विमान अपघातांच्या तपासाशी असलेले नाते अधिक जवळचे वाटते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक कराराचे परिशिष्ट 13 प्रथम 1951 मध्ये स्वीकारले गेले. दोष वा जबाबदारी ठरवणे हा तपासाचा हेतू नसून अपघात टाळणे हाच आहे, असे त्याचा आजचा पाठ स्पष्ट सांगतो.

टिपणात कारण कसे उलगडावे, हे पुढील कल्पित उदाहरणावरून ध्यानात येईल. 22 सप्टेंबर 2025 पासून भारतात वस्तू व सेवा कराचे अनेक दर बदलले. शाम्पूवरील दर 18 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. एका विक्रेत्याच्या प्रणालीत नवे दर मुदतीपूर्वीच अचूक भरलेले होते, तरीही त्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत निघालेल्या बीजकांवर जुनाच कर लागला. 1,000 रुपये करपात्र मूल्याच्या मालाचे बीजक 1,050 ऐवजी 1,180 रुपयांचे झाले. दर निवडणारी अट अशी होती :

```sql
WHERE effective_from <= CURRENT_DATE
```

सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत होता. ही वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेपाच तास मागे असल्याने भारतात 22 तारीख उजाडली तरी सर्व्हरच्या लेखी 21 तारीखच चालू होती. बीजकावरची छापील तारीख मात्र भारतीय वेळेनुसार, म्हणजे 22, येत होती. छापील तारीख नवी आणि दर जुना, आणि अशी सर्व बीजके साडेपाच तासांच्या पट्ट्यात गोळा झालेली, ही या दोषाची ओळखखूण होय. दर भरण्यात चूक असती तर ती दिवसभर दिसली असती.

दोष आधी का सापडला नाही, या प्रश्नाला टिपणात कारणाइतकीच जागा द्यावी लागते. दिवसाचे साडेअठरा तास दोन्ही वेळांची तारीख एकच असते आणि चाचण्या कामाच्या वेळात होत. शिवाय विकासकांचे संगणक भारतीय वेळेवर असल्याने त्यांच्याकडे हा दोष कोणत्याही वेळी प्रकट होणे शक्य नव्हते. ‘दुर्लक्ष झाले’ असे लिहून ही माहिती हाती लागली नसती.

बाधित बीजकांची गणना तक्रारींवरून करणे धोक्याचे असते, कारण जादा आकारणी झालेला ग्राहकच तक्रार करतो. त्याच दिवशी नगामागे 2,500 रुपयांहून अधिक किमतीच्या तयार कपड्यांचा दर 12 वरून 18 टक्के झाला होता. तेथे कर कमी आकारला गेला आणि कोणीही कळवले नाही. म्हणून त्या कालखंडातील प्रत्येक बीजक छापील तारखेच्या दराशी ताडून पाहावे लागते. पुरवठा, बीजक आणि रकमेचा भरणा यांपैकी दोन गोष्टी दरबदलाच्या ज्या बाजूला पडतात त्या बाजूचा दर लागू होतो. त्यामुळे आगाऊ पैसे घेतलेल्या मागण्यांतही, पुरवठा आणि बीजक दोन्ही 22 तारखेचे किंवा त्यानंतरचे असल्यास, नवाच दर लागतो.

दिलेली बीजके पुसून टाकता येत नाहीत. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, 2017 च्या कलम 34 नुसार जादा करासाठी क्रेडिट नोट व कमी करासाठी डेबिट नोट काढतात. क्रेडिट नोट विवरणपत्रात दाखवण्याची शेवटची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरची 30 नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांपैकी जी आधी येईल ती असते.

प्रतिबंधासाठी केवळ सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेवर आणणे अपुरे ठरते, कारण जुने बीजक पुन्हा छापताना ‘आज’चा दर लागण्याचा धोका तसाच उरतो. बीजकाची तारीख भारतीय वेळेनुसार एकदाच ठरवून नोंदीत साठवावी आणि दर निवडताना तीच वापरावी, हा उपाय अधिक टिकाऊ समजला जातो :

```sql
WHERE effective_from <= invoice_date
```

यासोबत घड्याळ रात्री साडेबारा वाजता स्थिर ठेवून दरबदलाच्या दिवसाची स्वयंचलित चाचणी लिहितात. हीच चाचणी महिन्याच्या पहिल्या तारखेसाठीही चालवावी लागते, कारण तेथे तारीख मागे पडली तर बीजक आधीच्या महिन्याच्या विवरणपत्रात जाते. प्रत्येक उपायासमोर तो करणाऱ्याचे नाव आणि मुदत लिहिण्याचा प्रघात आहे.