काचेवरचा थेंब फोटोतून किती पुसता येतो?

जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर होड्या ओढून, शाकारून ठेवलेल्या दिसतात. मुसळधार पावसात गाडीतून न उतरता पुढच्या काचेतून त्यांचा फोटो घ्यायचा, तर काचेवरचे थेंबही त्यात येणारच. ते फोटोतून काढून टाकणारी सॉफ्टवेअर आज सहज मिळतात, पण थेंबामागची होडी त्यांनी खरोखर परत मिळवली की केवळ अंदाजाने रंगवली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर बरेचसे भूमितीत दडलेले आहे.

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स साधारण ५.४ मिलिमीटर नाभीय अंतराची असते आणि तिचे अ‍ॅपर्चर एफ/१.८ असते, म्हणजे प्रकाश आत घेणारे तिचे तोंड सुमारे ३ मिलिमीटर रुंद असते. दूरच्या होडीवरील एखाद्या बिंदूकडून येणारे किरण लेन्सपाशी पोहोचेपर्यंत जवळजवळ समांतर झालेले असतात, त्यामुळे फोटोतला प्रत्येक पिक्सेल काचेच्या ३ मिलिमीटर व्यासाच्या गोल तुकड्यातून आलेल्या प्रकाशाने घडतो. काच लेन्सपासून चार सेंटिमीटरवर असो वा दहा, त्या तुकड्याचा आकार तेवढाच राहतो. आता काचेवर ५ मिलिमीटर व्यासाचा थेंब आहे असे धरू. ज्या पिक्सेलांचा तुकडा पूर्णपणे थेंबाच्या आत पडतो, त्यांना होडीकडून थेट काहीच मिळत नाही. काचेवर मोजला तर हा गाभा २ मिलिमीटर व्यासाचा भरतो. त्याभोवती ८ मिलिमीटर व्यासापर्यंत पसरलेल्या कड्यात प्रत्येक तुकडा अर्धामुर्धाच झाकलेला असतो, म्हणून तिथे होडीचा आणि थेंबाचा प्रकाश एकमेकांत मिसळलेला असतो. फोटोतले थेंब कडेला धूसर दिसतात ते याच मिश्रणामुळे.

मोठ्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ वर उघडली, तर तिचे तोंड २५ मिलिमीटरचे होते आणि तोच थेंब कोणत्याही पिक्सेलचा फार तर ४ टक्के प्रकाश अडवतो. असा थेंब फोटोत ओळखूही येत नाही. तीच लेन्स एफ/१६ वर आणली की तोंड पुन्हा जेमतेम ३ मिलिमीटरचे उरते आणि थेंब हजर होतात. पावसात काचेआडून फोटो घेताना सगळे दृश्य रेखीव यावे म्हणून अ‍ॅपर्चर लहान करण्याचा मोह होतो, तो इथे नेमका उलटा पडतो.

कड्यातले मिश्रण उलगडता येते, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत सुरेख भाग हाच आहे. थेंब स्वतः एक छोटे, फुगीर भिंग असतो आणि त्यात समोरचे दृश्य उलटे दिसते: आकाश खाली, किनारा वर. फार रुंद कोनातला प्रकाश तो गोळा करत असल्यामुळे आजूबाजूच्या भागापेक्षा तो बहुधा उजळही असतो. गाभ्यात केवळ थेंबाचाच प्रकाश असल्याने त्याची तेजस्विता तिथेच मोजता येते; समजा ती २०० आहे. कड्यातल्या एका पिक्सेलपाशी थेंबाने तुकड्याचा ४० टक्के भाग व्यापला आहे आणि कॅमेऱ्याची नोंद १४० आहे. त्यातले ८० थेंबाचे झाले. उरलेले ६० हे मूळ दृश्याचे ६० टक्के, म्हणून होडीची खरी तेजस्विता १०० ठरते. मात्र हा हिशेब प्रकाशाच्या सरळ प्रमाणातल्या आकड्यांवर, म्हणजे रॉ फाइलवर करावा लागतो. जेपेग फाइलमधले आकडे डोळ्यांना सोयीचे व्हावेत म्हणून आधीच वाकवलेले असतात, आणि त्यांवर ही वजाबाकी केली तर थेंबाभोवती एक फिकट कडी उरते.

हाच हिशेब गाभ्याच्या जवळ डळमळू लागतो. थेंबाने ९० टक्के भाग व्यापला असेल, तर १०० तेजस्वितेच्या होडीसाठी कॅमेऱ्याने १९० नोंदवायला हवेत. त्याने १९२ नोंदवले, एवढा फरक सेन्सरच्या नोंदीत नेहमी असणाऱ्या किरकोळ गोंगाटानेही पडतो, तर उत्तर एकदम १२० येते. दोनाची चूक विसाची झाली. म्हणून उलगडलेल्या कड्याची आतली बाजू नेहमी रवाळ दिसते. ती गुळगुळीत दिसत असेल तर तिथे कोणीतरी नंतर हात फिरवला आहे असे समजावे.

गाभ्यात मात्र वजाबाकीला काहीच उरत नाही. त्यामागचे दृश्य खरोखर हवे असेल तर दुसऱ्या जागेवरून घेतलेला फोटो लागतो, आणि गाडी उभी असेल तर हे काम सोपे आहे. फोकस दूरवर आणि एक्स्पोजर एकदाच ठरवून कुलूपबंद करावे, नाहीतर फोन मध्येच थेंबावर फोकस करतो. मग फोन काचेला समांतर ठेवून प्रत्येक वेळी सुमारे एक सेंटिमीटर बाजूला न्यावा आणि पाच फोटो घ्यावेत. फोन नुसता वळवून उपयोग नाही, कारण वळवल्याने थेंब आणि होडी चौकटीत एकत्रच सरकतात. एक सेंटिमीटर हलवल्यावर ६० मीटर दूरची होडी सुमारे एक पिक्सेल सरकते, तर लेन्सपासून सहा सेंटिमीटरवरच्या काचेवरील थेंब कित्येकशे पिक्सेल सरकतो. पाचही फोटो होडीवर जुळवून प्रत्येक पिक्सेलच्या पाच नोंदी चढत्या क्रमाने मांडल्या आणि मधली निवडली की थेंब गळून पडतात. पाचपैकी निदान तीन फोटोंत ती जागा मोकळी असली पाहिजे, एवढीच अट आहे. थेंब दाट असतील तर ती पुरी होत नाही. हलणाऱ्या लाटाही या पद्धतीत लोण्यासारख्या सपाट होतात, तेव्हा समुद्र एकाच फोटोतून घ्यावा आणि बाकीचे दृश्य पाचांतून.

डाग वेगळ्या स्वभावाचे असतात. खाऱ्या वाऱ्याने काचेवर बसलेला मिठाचा थर किंवा बोटांचा तेलकटपणा दृश्याचा थोडा प्रकाश अडवतो आणि इकडचातिकडचा प्रकाश विखरून वर एक पांढुरका पडदा पसरतो. गाडीतला डॅशकॅम काचेला चिकटलेला असल्याने डाग चौकटीत जागचा हलत नाही आणि प्रवासभरात त्याच्यामागून नाना दृश्ये सरकतात. स्वच्छ भागात पिक्सेलांची सरासरी ११० आणि चढउतार ४० असेल, तर डागाखाली सरासरी १२० आणि चढउतार २४ असा मिळू शकतो. चढउताराच्या गुणोत्तरावरून डाग ६० टक्के प्रकाश जाऊ देतो हे कळते. ११० चे ६० टक्के म्हणजे ६६, म्हणून पडदा ५४ चा ठरतो. प्रत्येक नोंदीतून ५४ वजा करून ०.६ ने भागले की डाग जातो. समोरून हेडलाइट आला की पडदा क्षणात दाट होतो आणि ५४ हा आकडा निरुपयोगी ठरतो.

एकाच फोटोवर काम करणारी सॉफ्टवेअर उदाहरणांवरून शिकतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्यासाठी हजाराहून अधिक फोटोंच्या जोड्या घेतल्या होत्या: एक पाणी शिंपडलेल्या काचेतून, दुसरा तशाच पण स्वच्छ काचेतून. दुसऱ्या वेळी काच काढून न टाकता स्वच्छ काच लावली, कारण काच स्वतःच किरण किंचित सरकवते आणि दोन फोटो जुळले नसते. अशी प्रणाली कड्यातला अंश वापरून घेते, पण गाभा शेजारपाजार बघून भरते. वाळूमागे वाळू असली तर हे खपून जाते. गाभ्यामागे होडीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक असेल, तर भरलेली अक्षरे कितीही रेखीव दिसली तरी ती होडीवरची नसतात. गाभ्यातून पलीकडे जाणारी डोलकाठी किंवा क्षितिजाची रेषा दोन्ही बाजूंना नीट जुळते का, आणि तिथला रवाळपणा शेजारच्या भागाइतकाच आहे का, हे फोटो मोठा करून पाहिले की भरलेला भाग बहुतेक वेळा सापडतो.