आकडे किती आणि पॉवर किती: टेबल तपासताना होणारा एकच घोळ

प्रॅक्टिकलची जर्नलं तपासायला बसले की दर वर्षी तेच ऐकू येतं, "मॅडम, सिग फिग सगळे चेक केलेत, सगळीकडे तीन-तीन आहेत." आणि ते खरंही असतं, सगळीकडे तीनच असतात, फक्त त्याच कॉलममध्ये एक आकडा दहापटीने चुकलेला असतो आणि तो कोणालाच दिसलेला नसतो. कारण सिग्निफिकंट फिगर्स तपासणं आणि दहाची पॉवर तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत हेच डोक्यात नसतं. एक केलं की दुसरं आपोआप झालं असं वाटतं.

सिग फिग तुम्हाला येतात, अकरावीपासून करताय, म्हणून पटकन. सुरुवातीची शून्यं मोजायची नाहीत, मधली मोजायची, पॉइंटनंतरची शेवटची मोजायची. 0.0790 मध्ये तीन. झालं.

आता खरी गोष्ट. 1.20 × 10⁻⁴ आणि 1.20 × 10⁻⁵ हे दोन आकडे शेजारी ठेवा. सिग फिग दोन्हीत तीन. पुढचा 1.20 सांगतो की तुम्ही किती बारकाईने मोजलंय, आणि मागची पॉवर सांगते की ती गोष्ट मुळात केवढी आहे. पॉवर घसरली तर पुढच्या भागावर त्याचा ओरखडासुद्धा उमटत नाही, त्यामुळे सिग फिग कितीही वेळा मोजा, ही चूक त्यातून सापडणारच नाही.

उदाहरण आपल्या नेहमीच्या पोटॅशियम परमँगनेटचं घेते, बिअर-लॅम्बर्टचा प्रयोग. 0.0790 ग्रॅम वजन करून घेतलं, मोलर मास 158.03, म्हणजे 5.00 × 10⁻⁴ मोल, ते २५० मिलीच्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये मार्कपर्यंत भरलं, स्टॉक झाला 2.00 × 10⁻³ M. मग ब्युरेटने एक, दोन, तीन, चार, पाच मिली घेऊन प्रत्येक वेळी ५० मिलीपर्यंत डायल्यूट केलं आणि ५२५ नॅनोमीटरला, एक सेंटीमीटरच्या सेलमध्ये अॅब्झॉर्बन्स घेतला. जर्नलमध्ये टेबल आलं ते असं:

```
V (mL)    C (M)           A
1.00      4.00 × 10⁻⁵     0.095
2.00      8.00 × 10⁻⁵     0.191
3.00      1.20 × 10⁻⁵     0.282
4.00      1.60 × 10⁻⁴     0.379
5.00      2.00 × 10⁻⁴     0.472
```

मधला कॉलम वरून खाली वाचा. सगळीकडे तीन सिग फिग, नोटेशन नीट, पॉइंटच्या आधी एकच अंक, देखणं टेबल आहे. आणि तिसरी ओळ चुकलेली आहे.

कशी चुकते बघा. एक मिलीला 4.00 × 10⁻⁵, मग तीन मिलीला त्याच्या तिप्पट, म्हणजे 12.0 × 10⁻⁵. इथपर्यंत बरोबर. आता पॉइंटच्या आधी एकच अंक हवा म्हणून 12.0 चं 1.20 केलं, म्हणजे पुढचा भाग दहापटीने लहान केला, तर मागची पॉवर एकने वाढायला हवी. वरच्या दोन ओळींत ⁻⁵ लिहून हाताला सवय झालेली असते, तेच पुढे उतरतं. आणि ज्याला हे आठवतं तोसुद्धा कधीकधी उणे चिन्हामुळे फसतो, "वाढवायची" म्हणून 5 चा 6 करतो. उणे पाचपेक्षा उणे चार मोठा. पुढचा भाग लहान झाला तर पॉवर शून्याच्या दिशेने सरकणार, जोपर्यंत ती उणे आहे तोपर्यंत हे डोळे मिटून लक्षात ठेवा.

डोळ्याला हे खटकत का नाही, तर बरोबर टेबलमध्येसुद्धा पुढचे आकडे 4.00, 8.00, 1.20, 1.60, 2.00 असेच असतात. मध्येच 8 वरून 1.20 वर येणं तिथे योग्यच आहे, म्हणून नजर तिथून सरळ पुढे जाते. जिथे पॉवर बदलते ती ओळ सगळ्यात धोक्याची, आणि माझं म्हणणं असं की टेबल तपासताना पहिलं बोट तिथेच ठेवावं, बाकीच्या ओळी नंतर.

मग तपासायचं कसं? चौथा कॉलम काढा, A भागिले C. सेल एक सेंटीमीटरचा आहे म्हणजे हाच मोलर अॅब्झॉर्प्टिव्हिटी, ε. पहिल्या ओळीला 2375 येतं, दुसरीला साधारण 2390, चौथीला 2370, पाचवीला 2360, आणि तिसरीला 23500. हे आकडे फक्त तुलनेसाठी आहेत, फायनल उत्तरात एवढे अंक ठेवायचे नाहीत. बाकीच्यांच्या बरोब्बर दहापट आला की समजायचं, हे मोजमापातलं नाही, लिहिण्यातलं आहे. ब्युरेट वाचताना चूक झाली, सेल बाहेरून ओला राहिला, बबल राहिला, तर आकडा पाच-दहा टक्क्यांनी हलेल, किंवा दीडपट होईल, पण अगदी नेमका दहापट सहसा होत नाही.

इथे माझा एक मोठा राग आहे तो सांगतेच. ग्राफ काढल्यावर हा पॉइंट रेषेपासून लांब वर डावीकडे जाऊन बसतो, आणि मुलं काय करतात, तर "आउटलायर" म्हणून खोडून टाकतात. अरे, ते 0.282 रीडिंग चांगलं आहे, मेहनतीने घेतलेलं आहे, त्याला का शिक्षा? आधी कॉन्सन्ट्रेशन परत काढा. पॉवर दुरुस्त केली की तो पॉइंट गुपचूप रेषेवर येऊन बसतो.

एक ओळ घसरली तर ग्राफ निदान ओरडतो तरी. अख्खा कॉलम घसरला तर तोही गप्प. समजा स्टॉकच 2.00 × 10⁻² M लिहिला, तर खालच्या सगळ्या ओळी एकसारख्या दहापट होणार, रेषा सरळच येणार, ओरिजिनमधूनच जाणार, R² जसाच्या तसा, आणि सिग फिग अर्थातच तीन. मुलं R² दाखवून सांगतात की प्रयोग छान झाला! फक्त स्लोप 2.4 × 10³ ऐवजी 2.4 × 10² येतो, आणि तो चुकलाय हे कळायला टेबलच्या बाहेरची माहिती लागते, टेबलमधलं टेबलशी ताडून काही उपयोग नाही. परमँगनेटला ५२५ च्या आसपास हा आकडा दोन-अडीच हजारांच्या घरात असतो, एवढं माहीत असलं तरी पुरतं. ते माहीत नसेल तर उलट विचार करा, स्टॉक खरंच 2.00 × 10⁻² असता तर पाच मिलीवाल्या सोल्यूशनचा अॅब्झॉर्बन्स 4.7 आला असता, म्हणजे पन्नास हजारात जेमतेम एक भाग प्रकाश पलीकडे जाणार, आपल्या लॅबमधलं मशीन तिथे भरवशाचं रीडिंग देतच नाही. तुम्हाला तर 0.472 मिळालंय, आणि सेलमधून आरपार दिसत होतं.

घसरण केवढी आहे यावरून ती कुठून आली हेही बऱ्याचदा कळतं. दहापट असेल तर वर सांगितलेला डेसिमल पॉइंट सरकवण्याचा प्रकार. हजारपट असेल तर युनिट, म्हणजे मोलला लिटरऐवजी थेट २५० मिलीने भागलंय आणि स्टॉक 2.00 × 10⁻⁶ आलाय. आणि कोटींच्या पटीत, 10⁸ वगैरे असेल, तर कॉलमचं हेडिंग उलटं वाचलंय.

हे हेडिंगचं प्रकरण जरा समजून घ्या. हेडिंगला `C × 10⁴ / M` असं छापलेलं असतं आणि खाली 2.00. बहुतेक जण 2.00 ला 10⁴ ने गुणतात आणि वीस हजार मोलर सोल्यूशन बनवतात. हेडिंग म्हणतंय की C ला 10⁴ ने गुणून, M ने भागून, मग खाली लिहिलंय, म्हणजे `C × 10⁴ / M = 2.00`, म्हणून C = 2.00 × 10⁻⁴ M. पण दुसऱ्या कोणी `C (× 10⁻⁴ M)` असं लिहिलं की तिथे मात्र गुणायचंच असतं, अर्थ तोच, चिन्ह उलटं. उलटं वाचलं की पॉवरच्या दुप्पट चूक होते, उणे चारच्या जागी अधिक चार, म्हणून ते 10⁸. कॉन्सन्ट्रेशनला निदान हास्यास्पद उत्तर येतं म्हणून सापडतं, पण रेट कॉन्स्टंटच्या टेबलमध्ये 10³ आणि 10⁻³ दोन्ही शक्य असतात, तिथे हाफ लाइफ काढून बघा. k जर 4.5 × 10⁻³ प्रति सेकंद असेल तर हाफ लाइफ दीडशे सेकंदांच्या आसपास, स्टॉपवॉच घेऊन मोजता येईल असा. 4.5 × 10³ असेल तर तो मिलिसेकंदाच्याही आत संपेल, आणि तुम्ही ब्युरेट घेऊन उभे होता.

एक्सेलबद्दल थोडंसं. तिथे बरोबर उलटी परिस्थिती असते. तुम्ही भरलेला आकडा बरोबर असेल तर पॉवर तो चुकत नाही, पण सिग फिगचं त्याला काही पडलेलं नसतं. 4.00 × 10⁻⁵ भरलं तर जनरल फॉरमॅटमध्ये `4E-05` दाखवतो, दोन अंक गेले. आणि सगळ्या शीटला `0.00E+00` लावलं की 0.095 चं `9.50E-02` होतं, मशीनने कधी न दिलेला अंक चिकटतो. 0.095 मध्ये दोनच सिग फिग आहेत, त्यामुळे त्या एका ओळीवरून ε लिहायचं तर 2.4 × 10³, त्यापुढे नाही. म्हणून एक्सेलमधून आलेल्या टेबलमध्ये मी सिग फिग आधी बघते आणि हाताने लिहिलेल्यात पॉवर आधी.

आणि टेबल मुळात कसं लिहावं, तर माझ्या हाताखालच्या बॅचला मी एकच पद्धत लावली आहे. पूर्ण कॉलमला एकच पॉवर, हेडिंगमध्ये `C / 10⁻⁴ M`, आणि खाली 0.400, 0.800, 1.20, 1.60, 2.00. कोणी म्हणतं मायक्रोमोलर वापरा, पॉवरच नको, पण मग 120, 160, 200 लिहावं लागतं आणि शेवटची शून्यं मोजलेली की नुसती जागा भरायला ठेवलेली हे कळत नाही, एक घोळ सोडवताना दुसरा येतो. 10⁻⁴ वाल्या कॉलममध्ये तीच जुनी चूक झाली तर तिसऱ्या ओळीत 0.120 येईल, 0.800 च्या खाली आणि 1.60 च्या वर, आणि ते बघायला कॅल्क्युलेटर लागत नाही.