टक्केवारी तीच, रेणू वेगळा: बेंझीनच्या सूत्रामागची गोष्ट

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये दिव्यांसाठी तेलापासून गॅस तयार करत आणि सुमारे ३० वातावरण दाबाखाली टाक्यांमध्ये भरून गिऱ्हाइकांकडे पोचवत. तो दाबताना तळाशी पातळ द्रव साचे. १८२५ साली मायकेल फॅरडेने हा द्रव तपासायला घेतला आणि त्यातून आज आपण ज्याला बेंझीन म्हणतो तो पदार्थ वेगळा केला. त्याच द्रवातून एक वायूही निघाला, आजच्या भाषेत ब्युटिलीन. त्यात कार्बन आणि हायड्रोजन अगदी एथिलीनइतक्याच प्रमाणात होते, पण घनता एथिलीनच्या दुप्पट. घटक तेच, टक्केवारी तीच, तरी पदार्थ दोन! टक्केवारीवरून फक्त गुणोत्तर कळतं, एका रेणूत प्रत्यक्ष किती अणू आहेत हे कळत नाही, ही गोष्ट इथे उघड दिसली.

टक्केवारी काढण्याची पद्धत १८३१ साली युस्टुस फॉन लीबिखने सोपी आणि भरवशाची केली. पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर जाळायचा. तयार होणारं पाणी कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत अडकतं आणि कार्बन डायऑक्साइड पाच फुगे असलेल्या काचेच्या उपकरणातल्या पोटॅशच्या द्रावणात शोषला जातो. दोन्हींचं वजन किती वाढलं ते पाहायचं, बस्स. १०० मिलिग्रॅम बेंझीन जाळलं तर सुमारे ३३८ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ६९ मिलिग्रॅम पाणी मिळतं. पहिल्याचा १२/४४ भाग कार्बन, म्हणजे ९२.२. दुसऱ्याचा २/१८ भाग हायड्रोजन, म्हणजे ७.७. बेरीज जवळजवळ शंभर भरते, म्हणून ऑक्सिजन नाही. (ऑक्सिजन असतो तेव्हा तो असा वजाबाकीनेच काढतात, त्यामुळे आधीच्या दोन्ही मोजण्यांतल्या चुका त्याच्याच माथी येतात.)

आता दोन्ही आकडे अणुभाराने भागू. ९२.२ भागिले १२ म्हणजे ७.७, ७.७ भागिले १ म्हणजेही ७.७. प्रमाण एकास एक, म्हणून एम्पिरिकल सूत्र, म्हणजे अणूंचं फक्त सर्वांत साधं प्रमाण दाखवणारं सूत्र, CH. पण फॅरडेच्या हिशेबात एका हायड्रोजनला दोन कार्बन येत होते. त्याचं मोजमाप चुकलं नव्हतं. त्या काळी अनेकजण कार्बनचा भार ६ धरत, आणि ६ ने भागलं की कार्बनची संख्या दुप्पट होते. टक्केवारीचा आकडा तराजू देतो, सूत्र मात्र अणुभारांवर अवलंबून असतं. म्हणूनच त्या काळात एकाच पदार्थाची वेगवेगळी सूत्रं लिहिली जात.

रेणूत प्रत्यक्ष किती अणू आहेत हे सांगणाऱ्या रेणुसूत्रासाठी लागणारा दुसरा आकडा वाफेच्या घनतेतून आला. बेंझीनची वाफ हायड्रोजनच्या सुमारे ३९ पट जड आहे. समान दाब आणि तापमानाला समान आकारमानात रेणू सारखेच, हे आमेदेओ आव्होगाद्रोने १८११ मध्येच मांडलं होतं. हायड्रोजनचा रेणू दोन अणूंचा, त्याचा भार २, म्हणून बेंझीनचा रेणुभार ३९ गुणिले २, म्हणजे ७८. CH चा भार १३. ७८ भागिले १३ म्हणजे ६, आणि सूत्र C₆H₆. असेटिलीनचीही टक्केवारी हीच, पण रेणुभार २६, म्हणून ते C₂H₂. हा साधा भागाकार सर्वमान्य व्हायला मात्र अर्धं शतक गेलं. स्तानिस्लाव कान्नित्सारोने १८५८ मध्ये आव्होगाद्रोच्या आधाराने अणुभार नीट लावून दाखवले, आणि १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत त्याची पुस्तिका वाटली गेली, तेव्हा कुठे गोंधळ निवळू लागला.

या पद्धतीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी, की रेणुभार ढोबळ मोजला तरी चालतो. ७८ ऐवजी ८१ आला तरी भागाकार ६.२ येतो, आणि गुणक पूर्णांकच असायला हवा म्हणून आपण बिनधास्त ६ घेतो. अचूक भार नंतर सूत्रावरूनच काढता येतो.

पण हीच सवलत असेटिक आम्लाच्या बाबतीत दगा देते. त्याचं एम्पिरिकल सूत्र CH₂O, भार ३०. सुमारे १२५ अंश सेल्सिअसला त्याची वाफ हवेच्या ३.२ पट जड भरते. हवेचा सरासरी रेणुभार २९, म्हणजे या वाफेचा जवळपास ९३. ३० ने भागलं की ३.१, आणि सूत्र C₃H₆O₃ येतं, जे लॅक्टिक आम्लाचं आहे. भागाकार पूर्णांकाच्या इतका जवळ येतो की शंकाही येत नाही. खरं कारण असं, की उकळबिंदूच्या आसपास या आम्लाचे बरेच रेणू हायड्रोजन बंधाने जोडीजोडीने राहतात. आपण सुटे रेणू आणि जोड्या यांची सरासरी मोजत असतो. ही चूक पकडायची तर तीच वाफ आणखी तापवून पुन्हा मोजायची. २५० अंशांच्या वर घनता हवेच्या २.१ पटीपर्यंत उतरते, रेणुभार ६० च्या आसपास येतो, आणि सूत्र C₂H₄O₂ हाती लागतं.