व्ह्यूज तेवढेच, मग कमाई का घटली?

आमच्या यूट्यूब ग्राहकांसाठी माहितीपत्रक

व्ह्यूज म्हणजे व्हिडिओ किती वेळा पाहिला गेला. त्या प्रत्येक वेळी जाहिरात दिसतेच असं नाही. कोणी जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर वापरतं, कोणाला नुकतीच जाहिरात दाखवून झालेली असते, कधी त्या प्रेक्षकासाठी जाहिरातदारच मिळत नाही. म्हणून यूट्यूब स्टुडिओत 'Estimated monetized playbacks' हा वेगळा आकडा असतो. निदान एक जाहिरात दिसली, किंवा सुरुवातीच्या जाहिरातीतच प्रेक्षक निघून गेला, तर तो एक मॉनेटाइज्ड प्लेबॅक. एका प्लेबॅकमध्ये तीन जाहिराती लागल्या तरी मोजणी एकच होते, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

एक नमुना चॅनेल घेऊ, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरलेले. पहिल्या महिन्यात व्ह्यूज २ लाख, मॉनेटाइज्ड प्लेबॅक ९० हजार. दर हजार प्लेबॅकमागे जाहिरातदारांनी मोजलेली रक्कम, म्हणजे 'Playback-based CPM', ४ डॉलर. एकूण ३६० डॉलर झाले. मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींतून निर्मात्याला ५५ टक्के मिळतात, म्हणजे हाती १९८ डॉलर. दुसऱ्या महिन्यात व्ह्यूज पुन्हा २ लाख, दर तोच ४ डॉलर, पण प्लेबॅक ५६ हजार. हिशोब २२४ डॉलरचा, हाती जेमतेम १२३.

अशा वेळी बहुतेक जण आधी RPM बघतात आणि घाबरतात. RPM म्हणजे दर हजार व्ह्यूजमागे आपल्या हाती आलेली रक्कम; ती सगळ्या व्ह्यूजने भागलेली असते, त्यामुळे कमाई घटली की तीही घटणारच. का घटली, ते एकट्या RPM वरून कळत नाही. इथे दर स्थिर आहे, म्हणजे जाहिरातदारांनी हात आखडता घेतलेला नाही. शोध प्लेबॅकचा घ्यायचा.

त्यासाठी अॅनालिटिक्सच्या 'Advanced mode' मध्ये जाऊन आकडे 'Content type' नुसार वेगळे करा. आपल्या नमुन्यात पहिल्या महिन्यात मोठ्या व्हिडिओंचे व्ह्यूज १ लाख ८० हजार आणि शॉर्ट्सचे २० हजार होते. दुसऱ्या महिन्यात मोठ्या व्हिडिओंचे १ लाख १२ हजारच, शॉर्ट्सचे मात्र ८८ हजार. मोठ्या व्हिडिओंचे प्लेबॅक व्ह्यूजच्या निम्मे होते, ते दोन्ही महिन्यांत निम्मेच राहिले. म्हणजे व्हिडिओंमध्ये काही बिघडलेलं नाही. मोठे व्हिडिओ कमी पाहिले गेले आणि ती घट शॉर्ट्सच्या व्ह्यूजखाली झाकली गेली.

शॉर्ट्सचा हिशोबच वेगळा आहे. तिथल्या जाहिराती दोन शॉर्ट्सच्या मधे येतात, कोणत्याही एका शॉर्टला जोडलेल्या नसतात. ते पैसे एकत्र जमा होऊन वाटले जातात आणि निर्मात्याच्या वाट्याच्या रकमेतले ४५ टक्के त्याला मिळतात. शिवाय ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो. पैशांसाठी मात्र 'Engaged views', म्हणजे शॉर्ट सुरू झाल्यावर प्रेक्षक पुढे पाहत राहिला असे व्ह्यूज, पाहतात. त्यामुळे शॉर्ट्सचे व्ह्यूज मोठ्या व्हिडिओंच्या व्ह्यूजमध्ये मिसळून 'व्ह्यूज स्थिर आहेत' म्हणणं आमच्या मते हिशोबच नव्हे.

तुमचं चित्र वेगळं असू शकतं. शॉर्ट्स बाजूला काढूनही मोठ्या व्हिडिओंच्या व्ह्यूजशी प्लेबॅकचं प्रमाण घटलं असेल, तर सर्वाधिक चाललेल्या व्हिडिओंवर पिवळं डॉलरचिन्ह आलंय का ते बघा. ते मर्यादित जाहिरातींचं लक्षण. मग प्रेक्षकांचे देश बदलले का ते बघा. प्रीमियमचे सदस्य जाहिरात पाहत नाहीत, पण त्यांच्या वर्गणीतला वाटा वेगळा येतो, म्हणून ते पाहणं फुकट गेलं असं समजू नका.

प्रमाण तेच आणि 'Playback-based CPM' पडला असेल, तर साधा 'CPM' शेजारी ठेवून पाहा. हा दर हजार जाहिरातींमागचा असतो. दोन्ही पडले तर जाहिरातींचा भाव उतरला; डिसेंबरनंतर जानेवारीत असं नेहमी दिसतं. साधा 'CPM' जागेवर आणि पहिला पडलेला, तर एका प्लेबॅकमध्ये लागणाऱ्या जाहिराती कमी झाल्या. नवे व्हिडिओ ८ मिनिटांपेक्षा छोटे झाले का ते तपासा, कारण मधल्या जाहिराती त्याहून छोट्या व्हिडिओंत लावता येत नाहीत.

तुलना नेहमी पूर्ण झालेल्या महिन्यांचीच करा. ताजे आकडे अंदाजी असतात, आणि मागच्या महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेदरम्यान पक्की होते. आमच्याकडे तपासणीसाठी पाठवताना दोन्ही महिन्यांचे तक्ते 'Content type' नुसार वेगळे करून पाठवा. फक्त एकूण बेरजेच्या पानावरून आम्हालाही कारण सांगता येणार नाही.